तीन खुणा, एक गाणे : रेडिओवरच्या कोड्याची संहिता कशी लिहितात

घरात जुन्या गाण्यांचा विषय निघतो. कुणी म्हणते, "ते नाही का, वसंत देसाईंच्या चालीचे? 1951 सालचा सिनेमा, राजकमलचा." सगळे विचारात पडतात, पण गाणे काही आठवत नाही. मग आजी म्हणते, "अरे, पहाटे देवळात कर्ण्यावर लागायचे ते!" आणि तिघे एकदम गुणगुणायला लागतात.

आता या दोन खुणा शेजारी ठेवून पाहा. पहिली नेमकी आहे. संगीतकार, साल, संस्था, सगळे तिच्यात आले. दुसरी अगदी ढोबळ, कारण पहाटे देवळात लागणारी गाणी शेकडो असतील. तरी नेमकी खूण फुकट गेली आणि ढोबळ खुणेने काम केले. असे का व्हावे?

रेडिओवर 'ओळखा पाहू' म्हणून तीन खुणा देऊन गाणे ओळखायला लावतात, त्या कार्यक्रमाची संहिता याच प्रश्नावर उभी असते. ऐकताना वाटते, निवेदक सहज बोलतो आहे. प्रत्यक्षात कोणती खूण आधी, कोणती शेवटी, कोणता शब्द दोनदा उच्चारायचा आणि कोणता एकदाही नाही, हे सारे आधी कागदावर ठरलेले असते. पाथर्डी तालुक्यातल्या श्रोत्यांसाठी अशी एक फेरी लिहायची झाली तर ती कशी लिहावी, ते एकच गाणे घेऊन पाहू.

यादी लहान करणारी खूण आणि ओठांवर आणणारी खूण

खूण दोन कामे करू शकते, आणि ती दोन्ही कामे एकच समजण्यात बहुतेक संहिता फसतात.

पहिले काम यादी लहान करण्याचे. श्रोत्याच्या डोक्यात हजारो गाणी असतात. "मराठी सिनेमातले गाणे" म्हटले की त्यातली बरीचशी बाजूला होतात. "वसंत देसाईंचे संगीत" म्हटले की मूठभर उरतात. बाजरी चाळताना आधी मोठ्या भोकांची चाळणी घेतात, मग बारीक. इथेही क्रम तोच: पहिली खूण जाड, तिसरी बारीक. उलट केले तर खेळ पहिल्याच मिनिटात संपतो आणि उरलेल्या दोन खुणांना काही काम राहत नाही.

दुसरे काम आठवण जागी करण्याचे. ते यादीने होत नाही. एंडेल टुल्व्हिंग आणि डोनाल्ड थॉमसन या मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये एक तत्त्व मांडले. एखादी गोष्ट मनात साठवली जाते तेव्हा तिच्याबरोबर जे साठवले गेले, तेच पुढे तिला बाहेर काढायला उपयोगी पडते. त्या वेळी जे सोबत नव्हते, ते तर्काने कितीही जवळचे असले तरी फारसे कामाला येत नाही.

हे गाण्याला लावून पाहा. आपल्यातल्या बहुतेकांनी जुनी गाणी ऐकली ती कामे करताना, प्रवासात, सणाला, देवळाच्या कर्ण्यावर. त्या वेळी मनात गाण्याबरोबर पहाट साठली, पुरुषाचा आवाज साठला, अंगणातला सडा साठला. संगीतकाराचे नाव आणि सिनेमाचे साल साठलेच नाही, कारण ते कुणी सांगितले नव्हते. म्हणून "1951, वसंत देसाई" ही खूण यादी झटकन लहान करते, पण ज्याच्याकडे ती यादी नावासालासकट आहे त्याच्यासाठीच. इतरांच्या मनात त्या खुणेला धरायला काही नसते.

म्हणून संहितेत दोन्ही जातींच्या खुणा हव्यात. पहिल्या दोन यादी लहान करणाऱ्या, म्हणजे जाणकाराला मजा. तिसरी ओठांवर आणणारी, म्हणजे ज्याने गाणे नुसते ऐकले आहे त्यालाही संधी. तिन्ही खुणा नावासालाच्या असल्या तर ती सामान्यज्ञानाची परीक्षा होते आणि मोजके तेच ते श्रोते फोन करत राहतात. फेरी फसते आहे हे ओळखण्याची सगळ्यात सोपी खूण हीच, असे मला वाटते.

'घनश्याम सुंदरा' घेऊन पाहू

गाणे निवडले आहे 'अमर भूपाळी' या सिनेमातले 'घनश्याम सुंदरा'. सिनेमा 1951 चा, व्ही. शांताराम यांच्या राजकमलचा. शब्द शाहीर होनाजी बाळा यांचे, संगीत वसंत देसाई यांचे, आवाज पंडितराव नगरकर आणि लता मंगेशकर यांचे. नगरकरांनीच पडद्यावर होनाजी रंगवला.

आधी जाड चाळणी. पहिली खूण अशी लिहिली: गाणे मराठी सिनेमातले आहे, पण शब्द सिनेमासाठी लिहिलेले नाहीत, सिनेमा निघाला तेव्हा ते लिहिणाऱ्याला जाऊन शंभर वर्षे उलटली होती. यात काय काय बसते? 'संत तुकाराम' (1936) मधले तुकोबांचे अभंग बसतात. संतांवरचे पुढचे बरेच सिनेमे बसतात. शाहिरांच्या लावण्या बसतात. यादी अजून लांब आहे, म्हणून पहिली खूण म्हणून ठीक.

इथे एक फट आहे आणि ती आधीच बुजवावी लागते. 'संत तुकाराम' मधले शांताराम आठवले यांनी लिहिलेले एक गाणे इतके तुकोबांच्या वळणाचे आहे की अनेक जण ते तुकोबांचाच अभंग समजतात. या खुणेवर एखादा श्रोता तेच गाणे सांगेल. निवेदकाजवळ हे टिपलेले नसेल तर तो गडबडेल. संहितेच्या समासात 'येऊ शकणारी चुकीची उत्तरे' लिहून ठेवायची जागा हवी, ती यासाठी.

दुसरी खूण: सिनेमा एका शाहिराच्या आयुष्यावर आहे, राजकमलचा आहे आणि संगीत वसंत देसाईंचे आहे. संतांचे सिनेमे बाजूला झाले. लिहिणाऱ्याला वाटते, आता एकच उरले. पण 'लोकशाहीर राम जोशी' (1947) विसरून चालणार नाही. तोही राजकमलचा, तोही शाहिरावर, संगीतही वसंत देसाईंचेच आणि त्यातही खुद्द राम जोशींची लावणी आहे. राम जोशीही सिनेमाच्या शंभराहून अधिक वर्षे आधी गेलेले. म्हणजे इतकी नेमकी वाटणारी खूण दोन सिनेमांवर सारखीच लागू पडते. दुसरीला हे चालते, तिसरीला चालत नाही. तरी दुसऱ्या खुणेत एक शब्द वाढवला: या शाहिराच्या घरचा धंदा दुधाचा होता. होनाजी गवळ्याच्या घरातले होते, राम जोशी सोलापूरच्या ब्राह्मण घरातले. इथे राम जोशी सुटले.

मग उरला 'अमर भूपाळी'. काम झाले? नाही. त्याच सिनेमात होनाजींची लावणीही आहे आणि तीही गाजलेली आहे. सिनेमा ओळखला म्हणजे गाणे ओळखले असे होत नाही. तिसऱ्या खुणेला भूपाळी आणि लावणी यांच्यात फरक करायचा आहे, आणि तो आठवण जागी करून करायचा आहे. पहाटेची वेळ ही एकच गोष्ट दोन्ही कामे करते. भूपाळी पहाटे देवाला उठवायला म्हणतात, लावणी तेव्हा कुणी म्हणत नाही. आणि ज्यांच्या मनात हे गाणे साठलेले आहे, त्यांच्या मनात ते बहुधा पहाटेबरोबरच साठलेले असते.

तिसरीत आणखी एक गोष्ट या भागासाठी घातली. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले असले तरी पाथर्डीच्या स्टँडवर माणूस "नगरला चाललोय" असेच म्हणतो. गायकाचे आडनाव नगरकर. ही खूण कोल्हापूर किंवा नागपूरच्या केंद्रावर निर्जीव ठरेल. इथे ती कान टवकारायला लावते.

संहिता (चौकट)

*पहिली लिंक.* "नमस्कार. 'ओळखा पाहू' मध्ये आज एक गाणे लपवले आहे. खुणा तीन. पहिली खूण ऐका. हे गाणे मराठी सिनेमातले आहे, पण याचे शब्द सिनेमासाठी लिहिलेले नाहीत. सिनेमा निघाला, तेव्हा हे शब्द लिहिणाऱ्याला जाऊन शंभर वर्षे उलटली होती. पहिली खूण एवढीच. दुसरी या गाण्यानंतर."

(एक गाणे, सुमारे साडेतीन मिनिटे)

*दुसरी लिंक.* "ओळखा पाहू. आत्ताच रेडिओ लावला असेल तर पहिली खूण: गाणे मराठी सिनेमातले, शब्द मात्र सिनेमासाठी लिहिलेले नाहीत. लिहिणाऱ्याला जाऊन तेव्हा शंभर वर्षे उलटली होती. आता दुसरी खूण. हा सिनेमा एका शाहिराच्या आयुष्यावर आहे. घरचा धंदा दुधाचा, नाद कवनांचा. सिनेमा राजकमलचा, आणि संगीत वसंत देसाईंचे."

(एक गाणे)

*तिसरी लिंक.* "ओळखा पाहू. पहिली खूण: सिनेमा निघाला तेव्हा शब्द लिहिणाऱ्याला जाऊन शंभर वर्षे. दुसरी खूण: दुधाचा धंदा असलेल्या शाहिरावरचा सिनेमा, संगीत वसंत देसाई. आणि ही तिसरी, शेवटची. पहाट झाली आहे. देवाला उठवायचे आहे. गाणारे दोघे. एक आवाज लता मंगेशकर यांचा. दुसऱ्या गायकाच्या आडनावात लपले आहे आपले नगर. गाण्याचे सुरुवातीचे शब्द सांगा. फोन आता सुरू."

करंजी घाटातला श्रोता

चौकटीत पहिली खूण तीनदा आली आहे. कागदावर ती जड वाटते, आणि नवा लिहिणारा ती पहिल्यांदा काटून टाकतो. ती का ठेवायची हे समजायला पाथर्डीचा रस्ता पाहावा लागेल.

आकाशवाणीचे नगर केंद्र एफएमवर 100.1 मेगाहर्ट्झवर ऐकू येते. या लहरीची लांबी जेमतेम तीन मीटर असते. इतकी आखूड लहर जवळपास सरळ रेषेत जाते. मध्ये डोंगर आला तर त्याला वळसा घालून पलीकडच्या दरीत उतरणे तिला जमत नाही. मध्यम लहरींची लांबी शेकडो मीटर असते, त्या जमिनीच्या चढउताराबरोबर बऱ्यापैकी पुढे सरकतात. एफएमचा आवाज स्वच्छ असतो, पण डोंगराच्या सावलीत तो पोचत नाही.

नगरहून पाथर्डी पन्नासेक किलोमीटर, आणि वाटेत करंजी घाट. मोटारीत रेडिओ ऐकत निघालेल्या माणसाला वळणावळणावर आवाज खरखरतो, जातो, पुन्हा येतो. गर्भगिरीच्या रांगेच्या आडोशाला असलेल्या वस्तीवर तर घरातही रेडिओ ओट्यावरून उचलून खिडकीत ठेवावा लागतो. अशा श्रोत्याला पहिली खूण अर्धीच मिळाली असेल किंवा मुळीच मिळाली नसेल. त्याच्यासाठी पुन्हा सांगणे ही गरज आहे.

पण पुन्हा सांगताना शब्द बदलायचे नाहीत. छापील लेखात तोच शब्द परत आला की खटकतो, म्हणून लेखक पर्याय शोधतो. रेडिओवर हे उलटे आहे. "लिहिणाऱ्याला जाऊन शंभर वर्षे" असे एकदा म्हटले आणि दुसऱ्यांदा "एका शतकापूर्वी दिवंगत झालेले कवी" असे म्हटले, तर अर्धे ऐकलेल्या माणसाला ती वेगळी, नवी खूण वाटते. तो दोन खुणा जुळवायला बसतो आणि फेरी त्याच्या हातून निसटते. तिसऱ्या लिंकमध्ये वाक्य आखडले आहे, पण 'शब्द', 'सिनेमा', 'शंभर वर्षे' हे खुंटीचे शब्द तेच आहेत. 'पहिली खूण', 'दुसरी खूण' हे क्रमांकही दर वेळी उच्चारले आहेत, म्हणजे मधूनच ऐकणाऱ्याला आपण कुठे आहोत ते कळते.

कानासाठी लिहिण्याचा आणखी एक नियम चौकटीत दिसेल. महत्त्वाचा शब्द वाक्याच्या शेवटी आला आहे: "लपले आहे आपले नगर". मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे नेहमीच्या रचनेत वाक्याचा शेवट 'आहे', 'होते' अशा रिकाम्या शब्दावर होतो. ऐकणाऱ्याच्या कानात शेवटचा शब्द सर्वांत जास्त टिकतो. तो रिकामा गेला तर जागा वाया जाते. हे दर वाक्याला केले तर निवेदन कृत्रिम होते, म्हणून फक्त खुणेच्या नेमक्या शब्दापुरते करावे.

लांबीचाही हिशेब असतो. निवेदक सावकाश बोलला तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. चौकटीतली प्रत्येक लिंक चाळीस-पन्नास शब्दांच्या आसपास आहे, म्हणजे साधारण अर्धा मिनिट किंवा थोडे कमी. खूण दिल्यावर दोन क्षण थांबावेसे वाटते, पण रेडिओवर निव्वळ शांतता लांबली की श्रोत्याला वाटते केंद्र बंद पडले. म्हणून थांबताना खाली हलके वाद्यसंगीत चालू ठेवतात.

सुरावटच का ऐकवू नये?

वाचकाच्या मनात येईल, इतका खटाटोप कशाला? गाण्याची सुरुवातीची वाद्ये दोन सेकंद वाजवा, लोक ओळखतील. ओळखतील खरेच. ग्लेन शेलेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये लोकप्रिय गाण्यांचे अगदी छोटे तुकडे लोकांना ऐकवले. एक दशांश सेकंदाचा तुकडाही काही गाणी ओळखायला पुरला. मात्र त्यांच्यासमोर गाण्यांच्या नावांची छोटी यादी होती, आणि तिच्यातून निवडायचे होते.

एवढ्याशा तुकड्यात चाल मावत नाही. ओळख पटते ती आवाजाच्या पोतावरून: कोणते वाद्य, कसले ध्वनिमुद्रण, कुणाचा गळा. ही ओळखण्याची क्रिया आहे, आठवण्याची नाही. समोर आलेले ओळखणे आणि समोर नसलेले आठवणे यांत दुसरे कितीतरी अवघड. तीन खुणांच्या फेरीची रंगत दुसऱ्यात आहे. सुरावट वाजवली की ती संपते, आणि फोनवर फक्त ज्याचे बोट चपळ त्याचा नंबर लागतो.

सुरावटीचा खरा उपयोग फेरीच्या आधी होतो. गाणे निवडले की त्याची पहिली पाच सेकंदे केंद्रातल्या चार-पाच वेगवेगळ्या वयाच्या माणसांना, शक्य तर चहावाल्यालाही, ऐकवून पाहावीत. त्यांच्यातल्या कुणालाच ते ओळखू आले नाही, तर गाणे बदलावे. जे मनात साठलेलेच नाही, ते कसल्याही खुणेने बाहेर येत नाही. वीस वर्षांच्या श्रोत्याला 'घनश्याम सुंदरा' ओळखता आले नाही तर तो खुणेचा दोष नव्हे; त्याच्यासाठी पुढच्या फेरीत त्याच्या काळचे गाणे घ्यावे.

पहिला फोन कुणाचा?

सर्वांत आधी फोन करणारा जिंकेल, हा नियम सोपा वाटतो. आज तो न्याय्य राहिलेला नाही. कारण सगळे श्रोते खूण एकाच क्षणी ऐकत नाहीत.

एफएमवर आवाज जवळपास तत्क्षणी पोचतो. तोच कार्यक्रम मोबाइलच्या ॲपवर ऐकणाऱ्याला उशिरा मिळतो. इंटरनेटवरून येणारा आवाज तुकड्या-तुकड्यांनी येतो, आणि मध्ये खंड पडू नये म्हणून फोन काही तुकडे साठवून मगच वाजवायला लागतो. हा उशीर बऱ्याच सेकंदांचा असू शकतो. पाथर्डी तालुक्यातली हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात आणि कारखान्याच्या तळावर मुक्कामाला असतात. नगरचे एफएम तिथवर पोचत नाही, म्हणून गावचा कार्यक्रम ऐकायचा तर मोबाइलवरच. त्यांना तिसरी खूण ऐकू येईपर्यंत नगरमधला श्रोता उत्तर सांगून मोकळा झालेला असतो.

यावर उपाय म्हणजे फोनची वेळ लांबवणे. तिसरी खूण दिल्यावर आणखी एक गाणे लावावे, ते संपेपर्यंत आलेली सारी बरोबर उत्तरे टिपावीत आणि त्यांतून चिठ्ठी काढावी. उत्तर चालू कार्यक्रमात कुणी फोडू नये म्हणून तोवर कुणालाच थेट प्रक्षेपणात घ्यायचे नाही. विजेत्याला नंतर फोन लावायचा, आणि जोडण्यापूर्वी रेडिओचा आवाज बंद करायला सांगायचे. नाहीतर त्याच्या घरच्या रेडिओतला आवाज त्याच्याच फोनमधून परत स्टुडिओत शिरतो आणि प्रतिध्वनी किंवा शिट्टी घुमायला लागते.

उत्तरे किती येतील याचाही अंदाज हवा. अमीन सयानींची गीतमाला 3 डिसेंबर 1952 ला रेडिओ सिलोनवर सुरू झाली तेव्हा तीही एक स्पर्धाच होती. सात गाणी वाजवायची आणि श्रोत्यांनी ती सालांच्या क्रमाने लावून पाठवायची. पहिल्याच कार्यक्रमाला 9 हजार पत्रे आली आणि वर्षभरात आठवड्याला 65 हजार येऊ लागली. ती तपासणे अशक्य झाले आणि स्पर्धा बंद करून लोकप्रिय गाण्यांची चढती भाजणी सुरू करावी लागली. तालुक्याच्या फेरीला पत्रांचे असे डोंगर येणार नाहीत. पण फोन उचलायला एकच माणूस असेल तर एका गाण्याच्या वेळात तो मोजकीच उत्तरे टिपू शकेल, बाकीच्यांना नुसती घंटी ऐकू येईल. मग उत्तर संदेशाने पाठवायला सांगणे बरे.

शेवटी, बरोबर उत्तर म्हणजे काय हेही संहितेवर आधीच लिहिलेले असावे. या फेरीत काही जण हमखास 'अमर भूपाळी' एवढेच कळवतील. खुणा दुसऱ्या लिंकपासून सिनेमाभोवती फिरत असल्याने त्यांचे चुकले असे म्हणता येणार नाही, पण प्रश्न गाण्याचा होता. म्हणूनच तिसऱ्या लिंकमध्ये "गाण्याचे सुरुवातीचे शब्द सांगा" हे वाक्य घातले आहे. तरीही चिठ्ठीत नाव निघालेल्या माणसाने सिनेमाचेच नाव कळवलेले असले, तर निवेदकाने "सिनेमा बरोबर, आता गाणे सांगा" म्हणून त्याला एक संधी द्यावी. आणि ही सवलत एकदा दिली की पुढच्या प्रत्येक फेरीत, प्रत्येकाला द्यावी.